हाडाचा खड्डा भरताय? मग या चुका टाळा

जीटीआर, म्हणजे गायडेड टिश्यू रीजनरेशन, दाताभोवतीचं झिजलेलं हाड परत आणायचं ऑपरेशन, आता आमच्या बेळगाव-चिकोडी-निपाणी भागात बऱ्याच क्लिनिकमध्ये व्हायला लागलंय. चांगलंच आहे, पण त्याच्याबरोबर त्याच त्याच बिघडलेल्या केसेसपण यायला लागल्यात, आणि तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. पेरिओ, म्हणजे हिरडीचे आजार, शिकणाऱ्या पोरांसाठी आहे, पेशंटनं वाचलं तरी बिघडत नाही.

मूळ गोष्ट आधी. हिरडीच्या आजारात दाताच्या कडेनं हाड उभं झिजून खड्डा पडतो. तो साफ करून नुसता शिवला तर हिरडीच्या वरच्या थराच्या पेशी सगळ्यात आधी खाली पळत येतात आणि मुळाला चिकटून बसतात, मग दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे आणि हाड यांना जागाच राहत नाही. मुळावर आधी कुठल्या पेशी पोचतात त्यावर जखम कशी भरणार ते ठरतं, हे मेल्चरनं १९७६ मध्ये मांडलं, आणि १९८२ मध्ये नायमन, लिंडे वगैरे मंडळींनी माणसाच्या दाताला मध्ये फिल्टरचा पडदा घालून ते करून दाखवलं. मिरचीच्या सरीवर तण येऊ नये म्हणून मल्चिंग पेपर घालतात ना, त्या पडद्याचं, म्हणजे मेम्ब्रेनचं, काम तेवढंच. आणि ग्राफ्टचं, म्हणजे खड्ड्यात भरायच्या दाण्यांचं, काम मुख्यतः मेम्ब्रेनला खालून आधार द्यायचं, म्हणजे ती खड्ड्यात खचत नाही आणि रक्ताची गुठळी हलत नाही. तीन बाजूंनी हाड असलेला अरुंद खोल खड्डा असेल तर कोलॅजन मेम्ब्रेन एकटीसुद्धा भागवते. खड्डा रुंद आणि एका बाजूनं उघडा असेल तर ग्राफ्ट लागतोच.

हे एवढं डोक्यात बसलं असतं तर पहिली चूक झालीच नसती. ती म्हणजे ग्राफ्ट ठासून भरणे. बाटलीत शिल्लक आहे, पेशंटनं पैसे दिलेत, मग घाल सगळं, असा हिशोब.

निपाणीकडची एक बाई आली, चाळिशीच्या आतली. खालच्या उजव्या पहिल्या दाढेला पुढच्या बाजूनं ८ मिमी पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दाताच्या मधली खोल फट, होतं म्हणून दुसरीकडे जीटीआर केलेलं. ग्राफ्ट हाडाच्या कडेच्या वर डोंगर करून भरलेला, त्यावर मेम्ब्रेन, आणि मग फ्लॅप, म्हणजे कापून उचललेली हिरडी, काही केल्या जुळेना तर ओढून ओढून शिवलेला. ओढून शिवलेल्या फ्लॅपच्या कडेला रक्त पोचत नाही, दोन दातांमधली हिरडी काळवंडून गळाली आणि दुसऱ्या आठवड्यात मेम्ब्रेन उघडी पडली. बाई म्हणाली, "वाळूसारखं काय तर तोंडात यायचं बघा, मी थुकायची." ते ग्राफ्टचे दाणे होते की! आणि तिथल्या डॉक्टरांनी महिन्यानं एक्स-रे काढून सांगितलं, हाड आलं बघा, पांढरं दिसतंय.

अरे बाबा, तो पांढरेपणा तूच भरलेल्या दाण्यांचा! बरेचसे ग्राफ्ट पहिल्या दिवसापासून एक्स-रेत पांढरे दिसतात, महिन्याच्या एक्स-रेवरून हाडाबद्दल काहीही कळत नाही. मी टाके घालायच्या दिवशी एक काढतो आणि मग सहा महिने, वर्ष, त्याच अँगलनं. दाण्यांची वेगळी कड पुसट होऊन भोवतीच्या हाडात मिसळायला लागली तर बरं चाललंय, दाण्यांभोवती काळी रेघ राहिली तर ते मांसात अडकून पडलेत असं समजायचं. या बाईचे तसेच होते, आणि पॉकेट ७ मिमी.

परत उघडलं. सुटे दाणे सगळे काढले, मूळ साफ केलं. आत ५ मिमी खोल खड्डा, तळाला तीन भिंती आणि वर दोनच, म्हणजे अजून आशा होती. दाणे सलाइनमध्ये भिजवून हाडाच्या कडेपर्यंतच सोडले, सोडले म्हणतोय, ठोकले नाहीत, कारण दाण्यांमधल्या फटीतूनच नवीन रक्तवाहिन्या येणार असतात. मेम्ब्रेन खड्ड्याच्या कडेपुढे सगळीकडे २-३ मिमी जाईल एवढीच कापली. आणि मग माझी सवय अशी की टाका घालायच्या आधी फ्लॅप नुसता वर ठेवून बघायचा. टाक्याशिवाय जागेवर बसला पाहिजे, गाल ओढला तरी सरकायला नको, पांढरा पडायला नको. नाही बसला तर फ्लॅपच्या आतल्या बाजूनं पेरिऑस्टियमला, म्हणजे हाडावरच्या आवरणाला, एक उथळ छेद द्यायचा, की सैल होतो. याला दोन मिनिटं लागतात, पण घाई असलेल्या पोरांना नेमकी हीच दोन मिनिटं जड जातात!

वर्षानं पॉकेट ४ मिमी, हिरडी १ मिमी खाली गेलेली. म्हणजे खरा फायदा २ मिमी, त्याच्यावर नाही. पहिल्याच वेळी नीट झालं असतं तर जास्त मिळालं असतं.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे मशेरी. सिगरेट ओढणाऱ्यांत जीटीआरचा निकाल खराब येतो हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सगळे विचारतात "सिगरेट? तंबाखू?" आणि पेशंट म्हणतात नाही. वरच्या बाईनंपण आधी नाहीच सांगितलं. आमच्या भागात मशेरीला कोण तंबाखू समजतच नाही ओ, ते दात घासायचं असतं! म्हणून मी विचारतो, "मावशी, सकाळी दात कशानं घासता?" की मग खरं बाहेर येतं, आणि दिवसातनं तीन-चारदा घासतात हेपण. भाजलेला तंबाखू आणि वर बोटानं चोळणं, ताज्या टाक्यांवर याच्यापेक्षा वाईट काय असणार. मशेरी बंद आणि प्लाक कमी झाल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीखच देत नाही, पेशंट रुसून दुसरीकडे गेला तरी चालेल.

बाकीच्या पटापट. दाताची नस जिवंत आहे का ते आधी बघा, मेली असेल तर रूट कॅनॉल पहिलं. हाड सरसकट आडवं झिजलंय तिथं मेम्ब्रेन घालून पैसे घेऊ नका. हलणारा दात आधी बांधून घ्या. रेशमी धागा नको, जंतू आत ओढतो. सहा महिने प्रोब, म्हणजे पॉकेट मोजायची सळई, घालून बघायची खाज आवरा. टाके असेपर्यंत त्या बाजूनं ऊस, चिरमुरे, कडक भाकरी बंद. आणि बरेच दाणे गाईच्या हाडाचे, कोलॅजन गाईचं नाहीतर डुकराचं असतं, हे पेशंटला आधी सांगा. जैन, लिंगायत, मुसलमान, कुणाला काय चालणार नाही ते त्यांनी ठरवायचं, कृत्रिम पर्याय मिळतात.

एवढं करूनही मेम्ब्रेन उघडी पडलीच तर घाबरून चिमट्यानं ओढायची नाही. कोलॅजनची असेल तर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिननं दिवसातनं दोनदा गुळण्या, तिथं ब्रश नाही, दर आठवड्याला बोलवून आपण हळू साफ करायचं, ती आपसूक विरघळते. न विरघळणारी असेल आणि पू नसेल तर तशीच स्वच्छ ठेवून चार ते सहा आठवड्यांनी काढायची. पू दिसला तर मात्र त्याच दिवशी काढा. आणि काढल्यावर खाली लालसर, रबरासारखं नवीन मांस दिसतं, ते घाण समजून खरवडू नका, त्याच्यासाठीच तर सगळं केलं होतं, त्याच्यावर फ्लॅप परत झाकून शिवा.