घरभाड्याच्या पावत्यांचा तक्ता: वर्षाची बेरीज आधी मांडा

जानेवारीत ऑफिस एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी भाड्याचे पुरावे मागतं आणि मग बारा पावत्यांची धावपळ होते. त्यापेक्षा एप्रिलपासूनच एक तक्ता ठेवा. (एचआरएची सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.)

१. वर एकदाच घरमालकाचं नाव, पत्ता, पॅन आणि भाड्याच्या घराचा पत्ता लिहा.

२. खाली दर महिन्याला एक ओळ: महिना, रक्कम, पैसे दिल्याची खरी तारीख, रोख की यूपीआय.

३. करार ११ महिन्यांचा असतो, भाडं मधेच वाढतं. वाढीव रक्कम त्याच महिन्यापासून भरा. उदाहरणार्थ, इंदिरानगरमधला वन बीएचके:

| महिने | दरमहा | एकूण |
|---|---|---|
| एप्रिल–ऑगस्ट | ८,००० | ४०,००० |
| सप्टेंबर–मार्च | ८,८०० | ६१,६०० |
| वर्ष | | १,०१,६०० |

एप्रिलच्या भाड्याला बाराने गुणलं तर ९६,००० येतात आणि पॅन लागणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात वर्षाचं भाडं १ लाखावर गेलं, म्हणजे घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. तो नवा करार करतानाच मागून घ्या. मार्चमध्ये मागितला की मालक हमखास कुरकुरतात.

सांभाळा: सगळीकडे सरसकट ‘१ तारीख’ टाकू नका, बँक स्टेटमेंटशी जुळायला हवी. ५,००० च्या वर रोख दिलं असेल तर पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर मालकाची सही घ्या.