माल कमी आला, डेबिट नोट काढली, तरी हिशेब जुळत नाही? या चुका टाळा

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत माल कमी येणं नवीन नाही. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, बिलात 500 नग असतात, स्टोअरमध्ये मोजल्यावर 460 भरतात. लाइन थांबवता येत नाही, म्हणून आहे तो माल उतरवून घ्यायचा आणि उरलेल्याची डेबिट नोट काढायची, हा निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो. घोळ होतो तो पुढे. ते 40 नग तीन ठिकाणी वजा व्हायला हवेत: स्टॉकमधून, पार्टीच्या खात्यातून आणि जीएसटीच्या क्रेडिटमधून. प्रत्येक ठिकाणी एकदाच. एखाद्या ठिकाणी ते वजा होतच नाहीत किंवा दोनदा वजा होतात, आणि वर्षअखेरीस पार्टीचं खातं जुळवताना सगळे डोक्याला हात लावून बसतात.

पुढे हेच उदाहरण धरून जाऊ. सातपूरच्या एका कारखान्याने कोल्हापूरच्या फाउंड्रीला 500 बेअरिंग हाउसिंगची ऑर्डर दिली. दर 240 रुपये, एका नगाचं वजन साधारण 4.8 किलो. बिल 18 फेब्रुवारी 2026 चं आहे: माल 1,20,000 रुपये, 18 टक्के जीएसटी 21,600, एकूण 1,41,600. माल दहा लाकडी खोक्यांत आला. एका खोक्यात दहा-दहाचे पाच थर, म्हणजे 50 नग. उघडल्यावर चार खोक्यांत चारच थर निघाले.

तुलना कशाशी करायची इथेच पहिली चूक होते

डेबिट नोट बिल आणि आलेला माल यांतल्या फरकाची असते. ऑर्डर आणि माल यांतल्या फरकाची नसते. फाउंड्रीने 460 चंच बिल केलं असतं, तर डेबिट नोटचा प्रश्नच नव्हता. पीओवर 40 नग बाकी दाखवायचे, एवढंच काम. खरेदी विभाग पीओ समोर ठेवून डेबिट नोट काढतो आणि बिल बघतच नाही, तेव्हा न आकारलेले पैसेच कापले जातात.

याच्या उलट चूकही होते. पीओमध्ये ‘प्रमाणात दोन टक्के कमी-जास्त चालेल’ असं कलम असतं आणि त्याच्या आधारे आठ-दहा नगांची तूट सोडून दिली जाते. त्या कलमाचा अर्थ इतकाच की 490 नग आले तरी ऑर्डर पूर्ण धरायची. न आलेल्या दहा नगांचे पैसे द्यायचे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 37 हेच सांगतं: विक्रेत्याने कमी माल दिला तर खरेदीदार तो नाकारू शकतो, आणि स्वीकारला तर स्वीकारलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या दराने द्यायचे.

गेटवर कोरी सही

एलआरवर ‘10 खोके मिळाले’ एवढंच लिहून सही केली की नंतरच्या दाव्यात दम राहत नाही. ट्रान्सपोर्टरच्या दृष्टीने खोके दहाच होते आणि तुम्ही ते पूर्ण घेतले. गाडी उभी असतानाच मोजणं शक्य असेल तर एलआरच्या सगळ्या प्रतींवर स्पष्ट लिहा: ‘बिलाप्रमाणे 500, प्रत्यक्ष 460, कमी 40, ड्रायव्हरसमक्ष मोजले’. त्याखाली तारीख, वेळ, गाडी नंबर आणि ड्रायव्हरची सही. लगेच मोजणं शक्य नसेल तर ‘नग मोजलेले नाहीत, मोजणी बाकी’ असं लिहा आणि त्याच दिवशी मोजा. ड्रायव्हर सही देत नसेल तर तसं नोंदवा, फोटो काढा आणि पुरवठादाराला त्याच दिवशी मेल करा.

खोके उघडण्याआधी पट्ट्यांचे फोटो घ्यायला विसरू नका, कारण तूट कोणाच्या माथी जाणार हे त्यावरून ठरतं. पट्ट्या शाबूत आणि आतला अख्खा थर गायब, तर चूक भरतानाची, म्हणजे पुरवठादाराची. पट्टी तुटलेली, वरचे सात-आठ नग नाहीत, तर माल वाटेत गेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पीओ ‘एक्स-वर्क्स’ असेल, तर माल फाउंड्रीच्या दारातून निघाल्यापासून जोखीम तुमची. पुरवठादाराला डेबिट नोट पाठवून उपयोग नाही. ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्यावी लागते. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल बुक झाल्यापासून 180 दिवसांच्या आत ती दिली नाही, तर नंतर दावा लावता येत नाही. विमा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवा. वाटेत हरवलेल्या किंवा चोरी झालेल्या मालाचं क्रेडिटही जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) खाली मिळत नाही, हे हिशेबात धरा.

वजनकाट्यावर किती विसंबायचं? या मालात 40 नगांची तूट म्हणजे 192 किलो, ती काट्यावर नक्की दिसते. पण कास्टिंगच्या वजनात दोन टक्के फरक सहज असतो, म्हणजे 2,400 किलोत 48 किलो, जवळपास दहा नग. दहा नगांपर्यंतची तूट काटा दाखवणार नाही किंवा नसलेली दाखवेल. डेबिट नोट मोजणीवर काढा, काट्याची पावती पुरावा म्हणून जोडा. खोक्यांचं वजन वेगळं घ्यायचं लक्षात ठेवा.

स्टॉकमधून दोनदा वजा

जीआरएन प्रत्यक्ष मोजणीचाच करायचा: बिल 500, आले 460, कमी 40. स्टोअरकीपरला ‘बिलाला जुळव’ म्हणून 500 लिहायला लावणं ही सर्वांत महागडी सवय आहे, कारण मग तूट झाल्याचा एकमेव कागदही खोटा ठरतो.

आता अकाउंट्सकडे या. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, फक्त मिसळायच्या नाहीत. पहिली: खरेदी बिलाप्रमाणे 500 नगांची नोंदवा आणि डेबिट नोटमध्ये 40 नग टाका. स्टॉक 460 होतो. दुसरी: टॅलीत Actual आणि Billed हे वेगळे रकाने चालू असतील, तर खरेदीतच Actual 460 आणि Billed 500 लिहा. या दुसऱ्या पद्धतीत Alt+F5 ने डेबिट नोट करताना Actual मध्येही 40 टाकले, तर स्टॉक 420 दिसू लागतो. तिथे Actual शून्य आणि Billed 40 हवं. महिनाअखेरीला प्रत्यक्ष साठा टॅलीपेक्षा बरोबर तुटीइतकाच जास्त निघाला, तर आधी इथे बघा.

डेबिट नोटची रक्कम 40 × 240 = 9,600, त्यावर सीजीएसटी 864 आणि एसजीएसटी 864, एकूण 11,328. पुरवठादाराला द्यायचे 1,30,272. नोटवर त्यांचा बिल नंबर व तारीख, पीओ आणि जीआरएन नंबर, बिलातले नग, मिळालेले नग, फरक, दर आणि कारण असायलाच हवं. ‘माल कमी’ एवढ्या दोन शब्दांवर समोरचा अकाउंटंट काही करू शकत नाही.

डेबिट नोट काढली म्हणजे जीएसटी मिटला, हा समज

खरेदीदाराची डेबिट नोट हा व्यवहारातला मागणीचा कागद आहे. तिने पुरवठादाराचा कर कमी होत नाही. कलम 34 प्रमाणे त्यासाठी पुरवठादारानेच क्रेडिट नोट काढून आपल्या विवरणपत्रात दाखवायची असते. 2025-26 मधल्या या बिलासाठी त्याला 30 नोव्हेंबर 2026 पर्यंतच मुदत आहे, आणि त्याने वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर तेवढीही नाही. म्हणून डेबिट नोट पाठवून गप्प बसू नका, क्रेडिट नोटचा नंबर हातात येईपर्यंत पाठपुरावा ठेवा.

काही पुरवठादार कर न धरता फक्त 9,600 ची क्रेडिट नोट देतात. ती घेऊ नका. न मिळालेल्या मालाचं क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही, त्यामुळे 1,728 रुपयांचा भुर्दंड सरळ तुमच्यावर पडतो.

पोर्टलवरची गोष्ट जरा सावकाश समजून घ्या. आयएमएसमध्ये 500 नगांचं पूर्ण बिल दिसतं. माल कमी म्हणून ते नाकारलं, तर सगळे 21,600 तुमच्या 2बी मधून जातात. बिल स्वीकारायचं आणि 3बी भरताना 1,728 उलटवायचे, म्हणजे क्रेडिट 19,872 राहतं. पुढच्या महिन्यात पुरवठादाराची क्रेडिट नोट येते आणि ती स्वीकारली की पोर्टल आपणहून पुन्हा 1,728 वजा करतं. झाले 3,456. ऑक्टोबर 2025 पासून आयएमएसमध्ये क्रेडिट नोट स्वीकारताना किती क्रेडिट उलटवायचं ते स्वतः नमूद करता येतं. आधीच उलटवलं असेल तर तिथे तसं नमूद करा. त्यासाठी प्रत्येक डेबिट नोटसमोर ‘क्रेडिट कोणत्या महिन्यात उलटवलं’ हा रकाना ठेवा, आठवणीवर सोडू नका.

‘पुढच्या गाडीत टाकतो’

फाउंड्रीचा फोन येतो: ‘साहेब, 40 नग पुढच्या गाडीत पाठवतो, नोट कशाला काढता?’ इथे एकच वाट निवडा. उरलेले नग त्याच बिलावर येणार असतील, तर डेबिट नोट काढायची नाही, माल डिलिव्हरी चलनावर घ्यायचा. पण एका बिलाचा माल हप्त्यांनी येत असेल तर कलम 16(2) प्रमाणे शेवटचा हप्ता आल्यावरच क्रेडिट मिळतं, म्हणजे पूर्ण 21,600 अडकून राहतात. डेबिट नोट काढली असेल तर ते 40 नग नव्या बिलावरच यायला हवेत. नोटही काढलेली आणि नगही बिनबिलाचे आत घेतलेले, असं झालं की वाटेत कागद नसलेला माल आणि खात्यात कधीही न सुटणारी गाठ, दोन्ही पदरात पडतात. बहुतेक वेळा डेबिट नोट आणि नवं बिल हीच वाट सोपी.

राहिला पैशांचा मुद्दा. 40 नगांसाठी पूर्ण 1,41,600 अडवून धरणं चुकीचं आहे. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर तो माल मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं आणि मुदत तिथूनच सुरू होते. फोनवरचं बोलणं हरकत म्हणून चालत नाही. त्यामुळे मोजणीच्या दिवशीच जीआरएन, एलआरची प्रत आणि फोटो जोडून मेल पाठवा, त्याच आठवड्यात डेबिट नोट काढा आणि वादात नसलेले 1,30,272 वेळेत सोडा.