बहात्तर नग कुठे गेले?

चिपळूणजवळच्या आमच्या युनिटमधून 1,200 टी-शर्टची ऑर्डर निघायची होती. एका खोक्यात 24 नग, एस-एम-एल-एक्सएलचं प्रमाण 1:2:2:1, म्हणजे 4, 8, 8, 4. खोके बरोबर 50. पण माझ्या पॅकिंग लिस्टची बेरीज 1,128 येत होती.

आधी संशय गेला पॅकिंगवर. शिंदेमावशी म्हणाल्या, "ताई, खोके मोजून घ्या, पन्नास आहेत." भर पावसात ओल धरलेले पुठ्ठ्याचे खोके पुन्हा मोजले. पन्नासच!

फरक 72, म्हणजे तीन खोके. आणि लिस्टमध्ये ओळीही तीनच: निळा 1 ते 30, पांढरा 31 ते 49, आणि दोन्ही रंगांचा शेवटचा खोका 50 ते 50. त्या शेवटच्या ओळीत खोक्यांची संख्या शून्य दिसली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी शेवटच्या नंबरातून पहिला वजा करत होते. पहिला खोका स्वतः मोजलाच जात नव्हता.

```
=C2-B2+1
```

आता 30, 19 आणि 1. मग ऑर्डरप्रमाणे साइजची बेरीज (A मध्ये ऑर्डर नंबर, D मध्ये खोके, E मध्ये एका खोक्यातले एस, K2 मध्ये हवी ती ऑर्डर):

```
=SUMPRODUCT(($A$2:$A$40=$K2)*$D$2:$D$40*E$2:E$40)
```

उजवीकडे ओढलं की बाकीचे साइज येतात: 200, 400, 400, 200. खोक्यातलं प्रमाण बदललं, तर मात्र त्याची ओळ वेगळीच लिहायची.