दमा की सीओपीडी? घरातल्या मोठ्या माणसाची धाप कशी ओळखावी

आमच्याकडं साठीपुढच्या कुणालाही धाप लागली की एकच शब्द निघतो, दमा. माझ्या आत्याला आठ वर्षं दमाच होता. गल्लीतल्या बप्पांनाही दमाच. दोघांच्या उशाशी एकाच रंगाचा पंप. मी छातीच्या दवाखान्यात फुंकण्याच्या तपासणीवर, म्हणजे स्पायरोमेट्रीवर काम करतो, तरी माझ्याच घरातलं हे माणूस मशीनपुढं बसायला आठ वर्षं लागली. तपासल्यावर कळलं, बप्पांना दमा आहे आणि आत्याला सीओपीडी. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं आणि फुप्फुसाची जाळी विरत जाणं.

अटॅक आलेला असताना हे दोन आजार सारखेच दिसतात. घरघर तीच, घाबरणं तेच. फरक दिसतो तो मधल्या, बऱ्या दिवसांत. घरच्यांनी नेमके तेच दिवस टिपायचे असतात. त्यासाठी दोन आठवडे आणि एक वही लागते.

आधी मागचं विचारून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. धाप कोणत्या वयात सुरू झाली? लहानपणी किंवा तरुणपणी शिंका, अंगाला खाज, छातीत घरघर असं काही होतं का? आणि आयुष्यात धूर किती पोटात गेला?

तिसरा प्रश्न बायकांना कुणी विचारत नाही. बिडी ओढत नाही म्हटलं की डॉक्टरही पुढं सरकतात. आत्यानं चाळीस वर्षं माळवदाच्या अंधाऱ्या घरात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला. गॅस आला तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. चुलीच्या धुरानं सीओपीडी होतो, बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही. आणि गॅस आला म्हणजे चूल गेली, असंही धरू नका. अंघोळीचं पाणी कशावर तापतं ते बघा. आत्याच्या न्हाणीपुढं रोज पहाटे पऱ्हाट्या पेटत होत्या आणि फुंकणी तिच्याच हातात होती.

पुरुषांना बिडी-चिलमीबरोबर जिनिंगमधलं काम आणि मळणीयंत्रावरचे हंगाम विचारा. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर तेही लिहा. बऱ्या झालेल्या टीबीचे व्रणसुद्धा पुढं श्वास अडवतात.

कशानं उठतं, त्यापेक्षा नंतर काय होतं ते बघा

दम्याला ठिणगी लागते. बप्पांना सोयाबीनच्या मळणीचा भुसा, मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्ती आणि शेताच्या बांधावर फुललेलं काँग्रेस गवत चालत नाही. आधी नाक गळतं, शिंका येतात, मग छाती आवळते. पण भुशातून बाजूला काढून पंप दिला की तासाभरात माणूस मोकळा. चार दिवसांनी हेच बप्पा बाजाराची पिशवी घेऊन चढ चढतात.

भुसा आणि धूर आत्यालाही सोसत नाही, म्हणून नुसत्या कारणांवरून फैसला होत नाही. पण भुसा गेला तरी तिची धाप शून्यावर येत नाही. तिच्या तळाशी एक कायमची धाप आहे, धूर आणि थंडी तिच्यावर भर घालतात. ती म्हणायची, "बसलं की बरं वाटतं बघ. घागर उचलली की पुन्हा तेच." तिला आडवं पाडतं ते बहुतेक वेळा सर्दी-पडसं. बेडका वाढतो, पांढऱ्याचा पिवळा किंवा हिरवा होतो, आणि पुढचे दोन-तीन आठवडे हातचे जातात. बेडक्याचा रंग आणि तारीख वहीत असली की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

म्हाताऱ्या माणसाच्या औषधांचा डबाही उघडून बघा. गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्यांनी काहींचा दमा उसळतो. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबही दम्याच्या माणसाला बाधू शकतात. डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध, असं वाटून ते कुणी सांगत नाही. आपणहून बंद मात्र करू नका, छातीच्या डॉक्टरांना बाटली दाखवा.

श्वास कसा चालतो ते पाहा

समोर बसा, पण "श्वास मोजतोय" असं सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. दुपारी निवांत असताना मिनिटभर नुसतं बघा.

आत्या ओसरीवर बसली की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायची, खांदे वर, मानेच्या शिरा ताणलेल्या. श्वास घेणं झटकन, सोडणं लांबलचक, आणि तेही ओठांचा चंबू करून, बशीतला चहा फुंकावा तसं. कुणी शिकवलं नव्हतं. सीओपीडीत हवा आत अडकते. ओठ आवळून सोडली की नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात, हे शरीर आपणहून शिकतं. दम्याच्या माणसाचा श्वास बऱ्या दिवशी तुमच्या-माझ्यासारखाच दिसतो.

मग वेळ पाहा. दम्याचा माणूस बहुधा रात्री दोन ते चारच्या दरम्यान खोकत किंवा घरघरत उठतो. सीओपीडीचा सकाळी उठल्यावर बेडका काढत बसतो, आणि त्याची धाप चालण्याशी बांधलेली असते. ती अंतरानं मोजा. आत्या दोन वर्षांपूर्वी मारुतीच्या पारापर्यंत न थांबता जायची. मागच्या वर्षी एकदा टेकायची, यंदा दोनदा. उतार एकाच दिशेनं चाललेला असेल तर ते सहसा दम्याचं लक्षण नसतं.

इथं एक तिसरा पाहुणा असतो. आडवं पडलं की गुदमरतं, उठून बसलं की बरं वाटतं, संध्याकाळी पायावर सूज आणि दाबलं की खड्डा, असं असेल तर आधी हृदय तपासा. आणि दोन आठवड्यांवर खोकला, वजन उतरणं किंवा बेडक्यात रक्त असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून थुंकीची तपासणी आणि एक्स-रे.

दोन आठवडे फुंकून बघा

औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतो. प्लॅस्टिकची नळी, त्यावर काटा. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावून एकच जोरदार फुंकर. तीनदा करून सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, पंप घेण्याआधी.

बप्पांच्या एका दिवसाचे आकडे होते सकाळी 210, संध्याकाळी 300. फरक 90, दोन्हींची सरासरी 255, म्हणजे 35 टक्के हेलकावा. आत्याचे सकाळी 150, संध्याकाळी 160, म्हणजे जेमतेम 6 टक्के. रोजचा टक्का काढून दोन आठवड्यांची सरासरी घ्या. ती 10 टक्क्यांवर गेली तर दम्याचा संशय बळावतो. आकडा कमी आणि जवळपास सपाट असेल, तर कायमचा अडथळा असावा. हा पुरावा झाला, निकाल अजून नाही.

निकाल स्पायरोमेट्रीत

एक्स-रेवरून या दोघांतला फरक ठरत नाही. स्पायरोमेट्री करावीच लागते. छातीचे डॉक्टर किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा छातीरोग विभाग, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे सोयीचं असेल तिथं विचारा. आदल्या दिवसापासून कोणता पंप किती तास थांबवायचा ते आधीच विचारून ठेवा. पोटभर जेवून जाऊ नका. हार्ट अटॅक होऊन महिना झाला नसेल तर तसं सांगा.

तपासणीत आधी फुंकायचं, मग सालब्युटामॉलचे चार झटके, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. आत्यानं पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा आधी 0.92 लिटर होती, औषधानंतर 0.98. वाढ फक्त 60 मिली. बप्पांची 1.40 वरून 1.82 झाली, 420 मिली. किमान 12 टक्के आणि 200 मिली, दोन्ही वाढले तर औषधानं नळ्या उघडतात असं मानतात. दुसरा आकडा गुणोत्तराचा. औषधानंतर आत्याची पूर्ण फुंकर 1.74 लिटर, तिच्यातली पहिल्या सेकंदाची 0.98, म्हणजे 0.56. औषध घेऊनही हे 0.70 च्या खाली राहिलं आणि धुराचा इतिहास जुळला, तर सीओपीडी.

आमच्या खोलीत चूक कुठं होते तेही सांगतो. म्हातारं माणूस दोन-तीन सेकंदांत दमून थांबतं. किमान सहा सेकंद फुंकायचं असतं. मधेच थांबलं की पूर्ण फुंकर कमी मोजली जाते, गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं आणि सीओपीडी निसटतो. रिपोर्टवर फुंकण्याचा वेळ छापलेला असतो, तो बघा. कमी असेल तर पुन्हा करायला सांगा, लाजू नका.

काही जणांत दोन्ही आजार एकत्र निघतात. मग दम्याचं औषध सुटत नाही.

पुढं काय

दम्यात नळ्यांची सूज उतरवणारा, स्टेरॉइड असलेला पंप हे मूळ औषध. नुसता तात्पुरता मोकळं करणारा पंप मारत राहणं धोक्याचं. "पंपाची सवय लागते" म्हणून बरं वाटताच तो बंद केला जातो, आणि पुढच्या मळणीला माणूस पुन्हा दवाखान्यात. रोज नीट घेतला, घेतल्यावर चूळ भरली, तर बप्पांसारखी माणसं सत्तरीतही शेतात जातात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर मात्र दम्याचाही अडथळा कायमचा होऊ शकतो.

सीओपीडीत गेलेलं परत येत नाही. वाईट वाटलं तरी घरी हे सांगावं लागतं, नाहीतर दर मृगाला माशाच्या औषधासाठी हैदराबादच्या खेपा सुरू राहतात. पण उताराचा वेग आपल्या हातात असतो. वयानुसार फुंकर दरवर्षी साधारण 30 मिली कमी होतेच. बिडी सुटली नाही तर काहींची 60 मिलीपर्यंत जाते, सुटली की बरीच सावरते. औषधांत मुख्य असतो दीर्घकाळ नळ्या उघड्या ठेवणारा पंप. स्टेरॉइड काही निवडक रुग्णांनाच, कारण त्यानं न्यूमोनियाचा धोका वाढतो. प्रत्येक मोठा आजार एक पायरी खाली नेतो, म्हणून दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांना विचारून न्यूमोनियाची. शिवाय रोज चालणं. धाप लागते म्हणून बसवून ठेवलं तर पाय थकतात आणि धाप वाढते.

घरी ऑक्सिजन लावायची वेळ आली तर सीओपीडीच्या माणसाला बोटाच्या ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के आकडा पुरे असतो. 99 दिसावा म्हणून नळ जास्त सोडला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ओठ निळसर, एकाएकी सुस्ती, किंवा घरघर थांबली पण धाप वाढली, यातलं काहीही दिसलं तर वही सोडा आणि गाडी बोलवा.

आत्याच्या न्हाणीत आता विजेचा हीटर आहे. फुंकणी तिनं टाकून दिलेली नाही, कोनाड्यात आहे. वहीत या महिन्याची नोंद आहे: मारुतीचा पार, एकदा टेकली.