परीक्षेची नोंदणी वेगळी असते: जर्मनीहून घरी पाठवलेलं पत्र

प्रिय आई-बाबा,

आधी खुशाली. मी बरी आहे, जेवते आहे, आणि आई, तू दिलेला लाल स्वेटर रोज अंगात असतो. खिडकीबाहेर परवाचा बर्फ अजून तसाच आहे. इथे साडेचार वाजता दिवेलागण होते, म्हणजे तुमची रात्रीची जेवणं होतात तेव्हा माझ्याकडे नुकता अंधार पडलेला असतो. काल आशियाई दुकानात जाड पोहे मिळाले. कढीपत्ता नव्हता, पण हिंग-हळदीच्या फोडणीचा वास कॉरिडॉरभर पसरला आणि मला एकदम आपल्या ओट्याजवळ उभं असल्यासारखं झालं. मग खाता खाता रडले थोडी.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की 25 सेंट परत मिळतात. मी महिनाभर बाटल्या साठवते आणि त्या पैशांत दूध-पाव येतो. रविवारी सगळी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी विसरलेलं मीठ सोमवारीच मिळतं. हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले.

एक गोष्ट मात्र मी वेळेत शिकले नाही, आणि ती फोनवर तुम्हाला सांगता आली नाही. ऑक्टोबरमध्ये सोनू इथे यायचा आहे, म्हणून हे पत्र मामालाही वाचायला द्या. व्हिसा, राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट, विमा, घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, हे सगळं त्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मी अडकले ती जागा वेगळीच होती.

फेब्रुवारीत माझ्या चार विषयांच्या परीक्षा आहेत. त्यातली एकही मला देता येणार नाही, कारण मी त्यांची नोंदणीच केली नव्हती.

कसं झालं ते नीट सांगते. सत्र सुरू होताना मी चारही विषयांत मूडलवर नाव घातलं. मूडल म्हणजे प्राध्यापक नोट्स आणि गृहपाठ टाकतात ती जागा. ‘तुम्ही या अभ्यासक्रमात सामील झाला आहात’ असं तिथे आलं आणि माझ्या मनात तो विषय पक्का झाला. पण मूडलचा परीक्षेच्या नोंदणीशी काही संबंध नाही. परीक्षेची नोंदणी विद्यापीठाच्या दुसऱ्या पोर्टलवर, `Prüfungsanmeldung` या नावाखाली, प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र करायची असते, तीही ठरलेल्या मुदतीत. आमची मुदत 18 नोव्हेंबर ते 13 डिसेंबर होती. सूचना विद्यापीठाच्या ईमेलवर आली होती. तो पत्ता मी पहिल्या आठवड्यात चालू केला आणि पुन्हा उघडलाच नाही, कारण तुमची-माझी सगळी पत्रं जीमेलवर. एका प्राध्यापकांनी वर्गात एका वाक्यात सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा फळ्यावरचं उतरवत होते.

9 जानेवारीला मैत्रिणीनं विचारलं, “तुझा पहिला पेपर 10 फेब्रुवारीलाच आहे ना?” मी पोर्टल उघडलं. यादी रिकामी होती.

आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म राहिला तर लेट फी असते, मग सुपर लेट फी. शिवाय कॉलेजचे क्लार्क काका वर्गाच्या दारात येऊन नाव घेऊन ओरडतात. ते ओरडणं म्हणजे केवढा आधार होता हे मला आत्ता कळतंय. इथे तुमच्या मागे कुणी लागत नाही आणि आमच्या विद्यापीठात परीक्षेच्या नोंदणीला लेट फी नावाचा प्रकारच नाही. परीक्षा कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, मुदत संपली. मी लेखी अर्ज केला, तीन ओळींचं नकाराचं उत्तर आलं. त्या काळात मी आजारी असते आणि डॉक्टरांचा दाखला असता तर विचार झाला असता. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण होत नाही.

आता हिशेब, बाबा. चारपैकी दोन विषयांची दुसरी परीक्षा मार्चअखेर आहे आणि तिची नोंदणी 1 फेब्रुवारीला उघडते. त्या दोन्ही मी देणार. उरलेले दोन विषय वर्षातून एकदाच, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात. त्यामुळे माझं शिक्षण एक सत्र लांबू शकतं. ब्लॉक्ड अकाउंटचे महिन्याचे 992 युरो धरले तर सहा महिन्यांचे 5,952 युरो. हा आकडा तुम्हाला लिहिताना हात थांबला होता. वर्षभर सुट्ट्यांत काम करून यातला बराच भाग मी उभा करेन.

पण घाबरू नका. नोंदणीच नव्हती म्हणून मी नापास धरली गेलेली नाही आणि माझी एकही संधी खर्च झालेली नाही. आमच्याकडे प्रत्येक परीक्षेला तीन संधी असतात. सक्तीच्या विषयात तिन्ही गेल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. माझा वेळ गेला, संधी शिल्लक आहेत.

सोनू, हे तुझ्यासाठी. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सीनियर सांगतील, ‘सगळ्या विषयांची नोंदणी करून ठेव, तयारी नसेल तर जाऊ नकोस.’ हे ऐकू नकोस. नोंदणी करून गैरहजर राहिलास तर बऱ्याच ठिकाणी 5.0, म्हणजे नापास, आणि एक संधी संपली. जायचं नसेल तर मुदतीत पोर्टलवरून नाव मागे घ्यावं लागतं. ती मुदत कुठे परीक्षेच्या काही दिवस आधीपर्यंत असते, कुठे बरीच आधी संपते. सीनियर खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं विद्यापीठ वेगळं, प्रवेशाचं वर्ष वेगळं, नियम वेगळे. माझा भरवसा आता दोनच ठिकाणी आहे: आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली, आणि विभागातली विद्यार्थ्यांची संघटना, जिला इथे फाखशाफ्ट म्हणतात. नियमावली जर्मनमध्ये असेल तर फाखशाफ्टच्या खोलीत जाऊन समजावून घे. मी जानेवारीत गेले. त्यांनी चहा दिला, जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या, आणि अर्ध्या तासात सगळं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये गेले असते तर हे पत्र मला लिहावं लागलं नसतं.

विद्यापीठाचा ईमेल पहिल्याच दिवशी फोनवर घे. नोंदणी केल्यावर विषयापुढे `angemeldet`, म्हणजे ‘नोंदणी झाली’, असं दिसतंय का ते पाहा. काही पोर्टलवर एकदा बटण दाबून भागत नाही, शेवटी पुन्हा खात्री द्यावी लागते आणि तिथेच लोक बाहेर पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी परत लॉगिन करून यादी बघ आणि तिची पीडीएफ उतरवून ठेव. तुझ्या यादीत विषय, तारीख आणि `angemeldet` यांतलं एक जरी नसेल तर तुझी नोंदणी झालेली नाही, मग मूडल काहीही म्हणो.

आई, मी दहा दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही, ते यामुळे. तू विचारत होतीस, आवाज असा का येतोय. सर्दी नव्हती.

1 फेब्रुवारीला नोंदणी केली की यादीचा फोटो पाठवते, बाबा, तुम्ही पण एकदा तपासा. परीक्षा संपेपर्यंत इथली घड्याळं पुढे सरकलेली असतील. मग आपल्यात साडेचारऐवजी साडेतीन तासांचाच फरक राहील, आणि तुमच्या जेवणाच्या वेळी माझ्या खिडकीत ऊन असेल.

तुमची,
ठमी