शॉर्टवर्किंग्ज कधी लॅप्स होतं ते आधी बघा

रॉयल्टी अकाउंट्समध्ये लेसीच्या, म्हणजे लीजवर घेणाऱ्याच्या बुक्समध्ये गणित चुकतं ते शक्यतो एन्ट्रीत नाही, शॉर्टवर्किंग्ज, म्हणजे मिनिमम रेंटपेक्षा रॉयल्टी जितकी कमी पडली ती रक्कम, कोणत्या वर्षाचं आहे ते न बघितल्याने. समजा साताऱ्याजवळ कुणी दगडाची खाण लीजवर घेतली, रॉयल्टी ब्रासला 20 रुपये, मिनिमम रेंट 60,000, आणि अट अशी की शॉर्टवर्किंग्ज पुढच्या दोनच वर्षांत वसूल करायचं.

पहिल्या वर्षी माल निघाला 2,000 ब्रास म्हणजे रॉयल्टी 40,000, शॉर्टवर्किंग्ज 20,000. दुसऱ्या वर्षी रॉयल्टी 52,000, म्हणजे अजून 8,000. तिसऱ्या वर्षी रॉयल्टी 74,000 झाली, वर निघाले 14,000, ते आधी पहिल्या वर्षाच्या 20,000 मधूनच वळते करायचे, आणि उरलेले 6,000 मुदत संपली म्हणून त्याच वर्षी सरळ प्रॉफिट अँड लॉसला डेबिट. ट्रेडिंगला मात्र रॉयल्टी पूर्ण 74,000 च जाते, मालकाला 60,000 दिले म्हणून तिथं 60,000 टाकू नका.

आता चौथं वर्ष, रॉयल्टी 70,000. खरी मेख इथंच आहे, बरीच पोरं लॅप्स झालेले 6,000 आणि 8,000 मिळून 14,000 शिल्लक धरून 10,000 वसूल करतात आणि मालकाला 60,000 देऊन मोकळी होतात. पण बॅलन्स शीटला असेट म्हणून फक्त दुसऱ्या वर्षाचे 8,000 राहिलेत ना, मग वसूल 8,000 आणि मालकाला 62,000. तक्त्यात वसुलीशेजारी 'कोणत्या वर्षाचं' असा एक कॉलम जास्तीचा आखा, लॅप्स लगेच दिसतं. प्रश्नात 'लीजच्या पहिल्या तीन वर्षांत' असं असेल तर मात्र हिशोब वेगळा, तिथं तिसऱ्या वर्षाअखेरच 6,000 आणि 8,000 दोन्ही उडतात.