ओपीडीच्या अपॉइंटमेंट: स्लॉट आणि बफर ठरवताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे डॉक्टरांनाच विचारणे, "एका पेशंटला किती वेळ लागतो?" उत्तर येते पाच मिनिटे, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त तपासणी असते. बीपी, प्रिस्क्रिप्शन आणि दाराशी थांबून नातेवाइकांनी विचारलेली पथ्ये त्यात धरलेली नसतात. त्यापेक्षा रिसेप्शनवरच्या माणसाला आठवडाभर वहीत एवढेच लिहू द्या: पेशंट किती वाजता आत गेला आणि त्याच्यानंतरचा किती वाजता. दोन्हींमधले अंतर हाच खरा स्लॉट. नुसत्या अंदाजावर बसवलेले वेळापत्रक पहिल्याच सोमवारी कोसळते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सगळेच स्लॉट फोनवर देऊन टाकणे. एका दवाखान्यात संध्याकाळी 6 ते 9 अशी ओपीडी होती. दहा मिनिटांचे 18 स्लॉट, सगळे भरलेले. वर अपॉइंटमेंट न घेता रोज सहाएक जण यायचे, त्यांना "मध्येच घेऊ" म्हणून बसवले जायचे. सहा जणांचा एक तास कुठून तरी निघणारच. साडेसातपर्यंत अर्धा तास उशीर झालेला असायचा आणि 8:50 ची वेळ घेतलेल्या आजी 9:50 ला आत जायच्या.

इथे अपॉइंटमेंट 18 वरून 10 वर आणायला हव्यात. दीड तासाचे नऊ स्लॉट असे लावा: 6:00 आणि 6:10 फोनवाले, 6:20 थेट येणाऱ्यांसाठी, 6:30 आणि 6:40 फोनवाले, 6:50 थेट, 7:00 फोनवाला, 7:10 थेट, 7:20 बफर. साडेसातपासून पुन्हा हेच. सगळा बफर शेवटी ठेवलात तर मधल्या पेशंटना त्याचा काही उपयोग नाही. आणि बफर रिकामा दिसतो म्हणून फोनवर देऊन टाकायचा मोह आवरा. रजिस्टरमध्ये त्या ओळीवर आधीच काट मारून ठेवलेली बरी. थेट येणारे वारानुसार मोजा, सोमवारची गर्दी बुधवारी नसते.

"फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणणाराही मोजायचा.

नवीन पेशंटला वहीतल्या नोंदीप्रमाणे दुप्पट वेळ लागत असेल तर सरळ दोन स्लॉट द्या.

छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल तर स्लॉट बघत बसू नका, लगेच आत पाठवा.

तरीही उशीर होत असेल तर दिलेली वेळ आणि आत गेल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा. उशीर पेशंटगणिक थोडा थोडा वाढत असेल तर स्लॉट आखूड आहे किंवा थेट येणारे कमी धरलेत. एकाच ठिकाणी उडी मारून पुढच्या बफरनंतर कमी झाला, तर एखादी केस लांबली एवढेच. वेळापत्रकाला हात लावू नका. पहिल्या पेशंटपासूनच वीस मिनिटे उशीर दिसत असेल तर डॉक्टर सहाला खुर्चीवर नव्हते. त्यातच दोन्ही बफर संपतात.